लेसर की लेसी? भाडेकरारातले फसवे जुळे शब्द

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरला घर भाड्याने देता-घेताना जो करार होतो, त्याला सगळे ‘अकरा महिन्यांचा अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात. कागदावर त्याचे नाव ‘लिव्ह अँड लायसन्स’. तो बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. एजंटाच्या संगणकावर जुना नमुना तयार असतो, त्यात नावे, रक्कम आणि तारखा बदलल्या की नवा करार होतो. दोन्ही पक्ष भाडे, अनामत आणि तारीख नीट पाहतात. बाकीच्या कलमांवरून नजर फिरवली जाते आणि बोटांचे ठसे दिले जातात.

या बाकीच्या कलमांतच एका प्रकारच्या चुका दडलेल्या असतात. लेसर आणि लेसी, प्रिन्सिपलची दोन स्पेलिंगे, अफेक्ट आणि इफेक्ट असे शब्द एकमेकांच्या जागी पडतात. दिसायला आणि उच्चारायला ते जवळचे असतात, पण कागदावर वेगळे काम करतात. यातल्या कोणत्या अदलाबदलीकडे हसून दुर्लक्ष करावे, कोणती पैसे आणि घराचा ताबा यांवर येते आणि ती सही करण्याआधी कशी पकडावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

संगणक ही चूक का दाखवत नाही

स्पेलिंग तपासणारी सोय शब्द कोशात आहे की नाही एवढेच पाहते. ‘लेसर’ कोशात आहे आणि ‘लेसी’ही आहे. एकाच्या जागी दुसरा आला तरी लाल रेघ उमटत नाही. व्याकरण तपासणाऱ्या सोयीचेही तेच. ‘लेसर पाणीपट्टी भरेल’ आणि ‘लेसी पाणीपट्टी भरेल’ ही दोन्ही वाक्ये व्याकरणाने शुद्ध आहेत.

माणसाच्या डोळ्याची अडचण वेगळी आहे. सवयीचा वाचक शब्द अक्षर-अक्षर वाचत नाही. पहिली चार अक्षरे सारखी दिसली की पुढचे तो अपेक्षेप्रमाणे भरून घेतो. लायसन्सर आणि लायसन्सी यांच्यात तर फक्त शेवटच्या दोन अक्षरांचा फरक आहे आणि दहा पानांच्या करारात हे शब्द शंभराहून जास्त वेळा येऊ शकतात. म्हणून ‘पुन्हा एकदा नीट वाचा’ हा सल्ला इथे फारसा उपयोगी पडत नाही. वाचण्याची रीतच बदलावी लागते.

निरुपद्रवी चूक आणि घातक चूक

सगळ्या चुका एका मापाने मोजू नयेत. समजा, एका हमीपत्रात ‘मूळ ऋणको’ या अर्थाच्या ठिकाणी ‘तत्त्व ऋणको’ असे पडले. वाक्याला अर्थच उरत नाही. वाचणारा थांबतो, चूक ओळखतो आणि योग्य शब्द मनात घालून पुढे जातो. अशी चूक लाजिरवाणी असते, पण तिच्यावरून वाद सहसा उभा राहत नाही. कारण दुसरा अर्थ मांडायला कोणाला जागाच नसते.

आता हे पाहा. ‘सोसायटीचे मासिक शुल्क लायसन्सी भरेल.’ इथे लायसन्सर असायला हवे होते का? सांगता येत नाही. काही घरमालक हे शुल्क स्वतः भरतात, काही जण ते भाडेकरूवर टाकतात. दोन्ही व्यवहार रोज होतात आणि दोन्ही वाक्ये शहाणपणाची वाटतात. ही चूक घातक, कारण ती चूक असल्याचे कागदावरून कळतच नाही. ती फक्त ठरलेल्या बोलण्याशी ताडून कळते.

कसोटी अशी ठरवता येईल. शब्द उलटा करून वाक्य पुन्हा वाचावे. उलटे वाक्य वेडगळ वाटले तर मूळ वाक्याकडे निश्चिंतपणे पाहावे. उलटे वाक्यही पटण्यासारखे असेल तर तिथे खूण करून दोन्ही पक्षांना विचारावे. या कसोटीने दहा पानांतली तपासायची वाक्ये दहा-बारावर येतात.

देणारा कोण, घेणारा कोण

लेसर आणि लेसी हे शब्द भारतीय कायद्यात मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये पक्के झालेले आहेत. कलम १०५ नुसार हस्तांतर करणारा तो लेसर, ज्याला हस्तांतर होते तो लेसी. ‘ओआर’ने संपणारा देतो आणि दोन ‘ई’ने संपणारा घेतो. लायसन्सर आणि लायसन्सी, डोनर आणि डोनी, असायनर आणि असायनी या सगळ्या जोड्यांना हाच नियम लागू आहे.

मात्र देतो म्हणजे काय देतो? इथे बरेच जण घसरतात. गृहकर्जाच्या कागदात मॉर्टगेजर कोण, असे विचारले तर पटकन ‘बँक’ असे उत्तर येते, कारण पैसे बँक देते. प्रत्यक्षात मॉर्टगेजर म्हणजे कर्ज घेणारा घरमालक. तो आपल्या घरावरचा गहाणाचा हक्क बँकेला देतो आणि तो हक्क घेणारी बँक मॉर्टगेजी ठरते. म्हणजे पैसा कोणाकडून कोणाकडे गेला हे पाहायचे नाही, हक्क कोणाकडून कोणाकडे गेला हे पाहायचे.

मराठी दस्तांत ही गोष्ट जुन्या काळापासून सरळ सांगितलेली आहे. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हे ते शब्द. गहाणखतात पैसे घेणारा माणूस ‘लिहून देणार’ असतो, कारण हक्क तो लिहून देतो. इंग्रजी मसुदा वाचताना ‘ओआर’च्या जागी मनात ‘लिहून देणार’ आणि ‘ईई’च्या जागी ‘लिहून घेणार’ ठेवले की गोंधळ बराच कमी होतो.

शासकीय मराठीत लेसर आणि लेसी यांना पट्टाकार आणि पट्टेदार हे शब्द आहेत. ही जोडीही फसवी आहे आणि ती प्रत्येक फ्लॅटमालकाच्या घरात असते. नोंदणीनंतर मिळणाऱ्या सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे लोक ज्याला इंडेक्स टू म्हणतात त्यात, बाजारभावाच्या रकान्यात कंसात एक सूचना छापलेली असते: भाडेपट्ट्याच्या बाबतीत पट्टाकार आकारणी देतो की पट्टेदार, ते नमूद करावे. आकारणी म्हणजे कर. तो कोण भरणार हा प्रश्न त्या एका ओळीत विचारलेला आहे आणि उत्तर पूर्णपणे शब्दाच्या शेपटीवर अवलंबून आहे. लक्षात ठेवायला सोपे आहे. ‘कार’ म्हणजे करणारा, तो पट्टा करून देतो. ‘दार’ म्हणजे बाळगणारा, जसा दुकानदार किंवा वतनदार. तो पट्टा बाळगतो.

उपनगरात चार शब्द एकत्र का येतात

लेसर-लेसी आणि लायसन्सर-लायसन्सी या दोन जोड्या कायद्याच्या दोन वेगळ्या व्यवस्थांमधून आल्या आहेत. भाडेपट्ट्यात मालमत्तेतला हक्क काही काळासाठी दुसऱ्याकडे जातो. लायसन्समध्ये तसा हक्क जात नाही, वापरण्याची परवानगी तेवढी मिळते. त्याची व्याख्या भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे.

मुंबईत परवानगीचा हा मार्ग रुळला तो भाडे नियंत्रणामुळे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला इतके संरक्षण दिले की घर परत मिळणे मालकाला अवघड झाले. मग मालक भाड्याऐवजी लायसन्सवर घर देऊ लागले. पुढे १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरू मानले गेले. आज लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपल्यावर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करू शकतो आणि घर न सोडणाऱ्याला लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते.

शब्दांच्या दृष्टीने याच कलमातले स्पष्टीकरण महत्त्वाचे आहे. लेखी लायसन्स करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे कागदावर जे पडले ते पडले. त्याच्या जोडीला कलम ५५ आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तसे नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांची मुदत ठेवली की नोंदणी लागत नाही हा समज जुन्या नोंदणी कायद्यातल्या एका वर्षाच्या मर्यादेवरून आलेला आहे. महाराष्ट्रात तो चालत नाही.

अशा करारात चुकून एका ठिकाणी ‘लेसी’ राहिले तर लायसन्सचा भाडेपट्टा होतो का? एका शब्दाने सहसा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात ही गोष्ट स्पष्ट केली. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलातल्या जागेचा तो वाद होता. कागदाला नाव लायसन्सचे होते, पण न्यायालयाने नावापेक्षा आशय पाहिला आणि तो भाडेपट्टा ठरवला. आशय महत्त्वाचा हे खरे, पण आशय ठरवताना कागदातलेच शब्द वाचले जातात. अर्ध्या कलमांत लेसी आणि उरलेल्यांत लायसन्सी असेल, तर मालकाने स्वतःच समोरच्या वकिलाच्या हाती मुद्दा दिलेला असतो.

प्रिन्सिपल: माणूस, मुद्दल आणि तत्त्व

मराठीत लिहिताना ही दोन्ही स्पेलिंगे सारखीच दिसतात, म्हणून कानाने लिहिणाऱ्या टंकलेखकाची इथे हमखास गल्लत होते. ‘एएल’ने संपणाऱ्या शब्दाचे कायद्यात तीन नेहमीचे उपयोग आहेत. पहिला, कर्जाचे मुद्दल. दुसरा, हमीच्या व्यवहारातला मूळ ऋणको. तिसरा, भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १८२ मधला, म्हणजे ज्याच्या वतीने दुसरा काम करतो तो माणूस. ‘एलई’ने संपणाऱ्या शब्दाचा एकच अर्थ: तत्त्व. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे लिहायची असतील तर हाच शब्द हवा.

भाडेकरारात तिसरा अर्थ वारंवार येतो. फ्लॅटचा मालक परदेशात असतो आणि बोरिवलीत राहणारा त्याचा भाऊ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे सही करतो. इथे मालक प्रिन्सिपल आणि भाऊ मुखत्यार. मसुद्यात ‘तत्त्व’वाला शब्द पडला तरी कोणी फसत नाही, ही चूक निरुपद्रवी गटातली आहे. खरी तपासणी वेगळी करायची असते: कराराच्या सुरुवातीला लायसन्सर म्हणून कोणाचे नाव आहे? प्रिन्सिपलचे असले पाहिजे, मुखत्याराचे नव्हे. मुखत्याराचे नाव ‘यांच्या तर्फे’ असे यायला हवे. प्रिन्सिपल शब्द सापडला की स्पेलिंगबरोबर हेही पाहून घ्यावे. ओळखायची युक्ती साधी आहे. त्या जागी ‘मुख्य’ किंवा ‘मुद्दल’ ठेवून वाक्य चालले तर शेवट ‘एएल’, ‘तत्त्व’ ठेवून चालले तर ‘एलई’.

अफेक्ट आणि इफेक्ट

शाळेत शिकवतात की अफेक्ट हे क्रियापद आणि इफेक्ट हे नाम. कायद्याच्या भाषेत हा नियम अपुरा पडतो, कारण तिथे इफेक्ट क्रियापद म्हणूनही सर्रास येते आणि त्याचा अर्थ ‘घडवून आणणे, पार पाडणे’ असा होतो. रक्कम अदा करणे, दुरुस्ती करणे, हस्तांतर करणे या सगळ्यांसाठी कागदात इफेक्ट लिहिलेले असते. शाळेचा नियम पाठ असलेला माणूस तिथे चूक समजून अफेक्ट करतो आणि शुद्ध वाक्य बिघडवतो.

दुरुस्तीच्या कलमात हा फरक अर्थावर येतो. ‘लायसन्सीने घराच्या रचनेत बदल इफेक्ट करू नयेत’ म्हणजे बदल करू नयेत. त्याच जागी अफेक्ट आले तर वाक्य म्हणते की त्याने बदलांवर परिणाम करू नये. आणखी बारीक जागा म्हणजे हक्क राखून ठेवणारे कलम. मालकाने एका महिन्याचे उशिरा आलेले शुल्क स्वीकारले तरी त्याच्या हक्कांना बाधा येणार नाही, असे तिथे म्हणायचे असते. त्यासाठी अफेक्ट हवे. इफेक्ट पडले तर ‘त्याने हक्क अमलात येणार नाहीत’ असा जवळजवळ उलटा सूर लागतो.

दोन जागा मात्र ठरलेल्या आहेत. ‘अमुक तारखेपासून लागू’ या अर्थी नेहमी इफेक्टच येते. मुदत संपल्यावर भाडेकरूने आपले ‘इफेक्ट्स’ हलवावेत असे लिहिलेले असेल तर ते त्याचे सामानसुमान आहे. उरलेल्या ठिकाणी मराठीत ‘बाधा येणे’ बसले तर अफेक्ट, ‘पार पाडणे’ बसले तर इफेक्ट.

एक मसुदा तपासून पाहू

आता हे सगळे एका कागदावर लावून पाहू. मसुदा कल्पित आहे, पण त्याची घडण नेहमीची आहे. घाटकोपर पूर्वेच्या पंतनगरमध्ये म्हाडा वसाहतीतला एक फ्लॅट. जमीन म्हाडाने सोसायटीला भाडेपट्ट्याने दिलेली आहे. सोसायटीचा सभासद आपला फ्लॅट एका कुटुंबाला अकरा महिन्यांसाठी देतो आहे. लायसन्स शुल्क दरमहा ३०,००० रुपये, परत करायची अनामत १,००,००० रुपये.

पहिले काम म्हणजे कोऱ्या कागदावर पक्षांची यादी. प्रस्तावनेत जमिनीचा इतिहास सांगताना म्हाडाला लेसर आणि सोसायटीला लेसी म्हटले आहे. पुढे सभासदाला लायसन्सर आणि येणाऱ्या कुटुंबप्रमुखाला लायसन्सी म्हटले आहे. म्हणजे एकाच कागदात चार भूमिका आहेत. पुढचे प्रत्येक कलम या यादीवर ताडायचे.

चौथे कलम म्हणते की लायसन्सरने दरमहा पाच तारखेपर्यंत ३०,००० रुपये लायसन्सीला द्यावेत. मालक स्वतःच भाडेकरूला पैसे देईल हे कोणालाच पटणार नाही. चूक उघड आहे, दुरुस्त करायची आणि पुढे जायचे.

सहावे कलम म्हणते की सोसायटीचे मासिक शुल्क लायसन्सी भरेल. उलटे करून पाहिले तर तेही पटते. इथे खूण. दोघांना विचारले असता ते शुल्क ३०,००० मध्येच धरल्याचे ठरलेले होते, असे कळले तर शब्द लायसन्सर हवा. ही चूक राहिली असती तर अकरा महिने दर महिन्याला वाद झाला असता आणि कागद मालकाच्या बाजूने बोलला असता.

नववे कलम मुदतीपूर्वी करार संपवण्याचे. ‘पहिल्या सहा महिन्यांनंतर एक महिन्याची लेखी नोटीस देऊन लायसन्सर हा करार संपवू शकेल.’ भाडेकरूचे काय? त्याला हा हक्क नाही की दोघांना द्यायचा होता आणि ‘किंवा लायसन्सी’ हे दोन शब्द गळले? उलटे वाक्य पटते आणि दोघांचे वाक्यही पटते. खूण.

बारावे कलम सगळ्यात कावेबाज आहे. ‘लेसरच्या लेखी परवानगीशिवाय लायसन्सीने भिंतीत कोणतेही बदल करू नयेत.’ लिहिणाऱ्याच्या मनात लेसर म्हणजे घरमालक होता. जुना नमुना भाडेपट्ट्याचा होता आणि त्यातला हा एक शब्द बदलायचा राहिला. पण या कागदाच्या स्वतःच्या व्याख्येप्रमाणे लेसर म्हणजे म्हाडा. शब्दशः वाचले तर एअर कंडिशनरसाठी भिंतीला भोक पाडायला भाडेकरूने म्हाडाकडे जायचे आणि घरमालकाच्या परवानगीची अट कुठेच उरत नाही. खासगी जमिनीवरच्या इमारतीत हाच उरलेला शब्द फक्त गबाळेपणा ठरला असता. इथे लेसर नावाचा दुसरा खराखुरा पक्ष प्रस्तावनेत बसलेला आहे, म्हणून तो दुसरीकडे बोट दाखवतो.

चौदावे कलम अनामतीचे. ‘मुदत संपल्यावर ताबा देताच लायसन्सर १,००,००० रुपये परत करेल.’ उलटे करून वेडगळ होते, म्हणून ठीक. अशा रीतीने एका मसुद्यात चार चुका निघाल्या. एक उघड होती, तीन पटण्यासारख्या होत्या. साध्या वाचनात पहिलीच सापडली असती.

शब्द कसे शोधावेत

मसुदा वर्डच्या फाइलमध्ये मागवून घ्यावा. पीडीएफ असली तरी तिच्यात शब्द शोधता येतात. शोधाच्या चौकटीत पुढचे शब्द एकेक करून टाकावेत:

```
lessor
lessee
lesser
licensor
licensee
principle
affect
effect
```

यादीतला तिसरा शब्द मुद्दाम आहे. त्याचा अर्थ ‘कमी’ असा होतो, पण लेसर लिहिताना बोट चुकले की तो पडतो आणि तो कोशात असल्याने लाल रेघ येत नाही. लायसन्स करारात पहिले दोन शब्द सापडले तर प्रत्येक जागी थांबावे: प्रस्तावनेतल्या जमिनीबद्दल बोलणे चालू आहे, की जुन्या नमुन्यातला शब्द उरला आहे?

लायसन्सर आणि लायसन्सी हे शब्द खूप वेळा येतात, त्यामुळे त्यांना रंग द्यावेत. देणाऱ्याला पिवळा आणि घेणाऱ्याला हिरवा. मग करार वाचू नये, फक्त रंग आणि त्याच्या पुढचे क्रियापद पाहावे: पिवळा देईल, हिरवा भरेल, पिवळा परत करेल. मजकुराच्या ओघातून शब्द असा बाहेर काढला की डोळा अपेक्षेप्रमाणे भरून घेत नाही. छापील प्रतीवर दोन रंगांची पेने घेऊनही हे काम अर्ध्या तासात होते.

एक धोका टाळावा. जुन्या नमुन्यात लेसरचे लायसन्सर करताना सगळे शब्द एका झटक्यात बदलण्याचा मोह होतो. लीजच्या जागी लायसन्स बदलायला सांगितले, तर संगणक ती पाच अक्षरे दुसऱ्या शब्दांच्या पोटातही शोधतो. इंग्रजी ‘प्लीज’ आणि ‘रिलीज’ या शब्दांत ती असतात, तेही विद्रूप होतात. म्हणून पूर्ण शब्दच शोधण्याचा पर्याय, वर्डमधला `Find whole words only`, चालू ठेवावा. आणि मोठ्या-छोट्या लिपीचा पर्याय, `Match case`, बंद ठेवावा, नाहीतर शीर्षकात पूर्ण मोठ्या अक्षरांत लिहिलेला जुना शब्द तसाच राहतो. अनेकवचने मात्र पूर्ण शब्दाच्या शोधात सापडत नाहीत. दोन मालक असतील तर शेवटी ‘एस’ लावून वेगळा शोध घ्यावा.

चूक सापडली तर काय करायचे

नोंदणीआधी सापडली तर काम सोपे आहे. एजंटाला कलमाचा क्रमांक, आत्ताचा शब्द आणि हवा असलेला शब्द असे तीन रकाने लेखी पाठवावेत. ‘सहाव्या कलमात काहीतरी चुकले आहे’ असा निरोप दिला तर एक जागा दुरुस्त होते आणि दुसरी बिघडते. नवा मसुदा आला की पूर्ण शोध पुन्हा करावा. ऑनलाइन नोंदणीत ठसे देण्याआधी पडद्यावर जो मजकूर येतो तो शेवटचा असतो, एजंटाने आधी मेल केलेली प्रत नव्हे. खुणा केलेली तीन-चार कलमे तरी तिथे पाहून घ्यावीत.

नोंदणीनंतर सापडली आणि दोघे राजी असले तर चूक दुरुस्तीचा दस्त करून तोही नोंदवता येतो. अकरा महिन्यांच्या करारात थोडेच महिने उरले असतील तर पुढच्या करारात शब्द सुधारणे काही जणांना परवडते, पण पैशांचे कलम असेल तर थांबू नये.

समोरचा राजी नसेल तर वाट लांबची आहे. लेखी कराराच्या अटींविरुद्ध तोंडी बोलणे पुरावा म्हणून सहसा चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हा नियम कलम ९२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी नियम आणि चुकीसाठी असलेला त्यातला अपवाद कायम आहे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ नुसार दोघांच्या सामाईक चुकीमुळे किंवा फसवणुकीमुळे दस्तात खरा हेतू उतरला नसेल तर न्यायालय तो दस्त दुरुस्त करू शकते. पण खरा हेतू काय होता हे दाखवावे लागते. म्हणून भाडे ठरवतानाचे एजंटाशी आणि समोरच्याशी झालेले संदेश पुसू नयेत. शुल्क कोण भरणार, नोटीस कोण देऊ शकणार आणि अनामत कधी परत मिळणार या तीन गोष्टी मसुदा येण्याआधीच एका मेसेजमध्ये लिहून समोरच्याचा होकार घेतलेला असावा. मसुदा ताडायलाही तोच मेसेज कामी येतो आणि वाद झालाच तर पुरावा म्हणूनही.